आडव्या वाटेची गोष्ट

कर्जतला आमच्या गल्लीत एक तरुण राहतो. कर्जत-पुणे प्रवासी गाडी चालवतो. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याने विजेवर चालणारी गाडी घेतली. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युतयंत्रे शिकवीत असे, हे त्याला ठाऊक आहे. गेल्या मे महिन्यात त्याने मला रस्त्यातच थांबवून विचारले, ‘‘काका, एक कळत नाही. चार माणसं आणि सामान घेऊन बोरघाट चढतो, तेव्हा गाडी शांत असते. आणि खालापूरला चार्जिंगला लावून ठेवली, की नुसत्या उभ्या गाडीचा पंखा असा घोंघावतो, की शेजारचा माणूस वळून बघतो. श्रम घाटात आणि धाप उभ्या उभ्या, असं कसं?’’

त्याच्या प्रश्नामागे नुसते कुतूहल नव्हते. चार्जिंगला लागणारा प्रत्येक मिनिट त्याच्या दिवसाच्या फेऱ्यांतून वजा होतो, आणि बॅटरी वारंवार तापली तर तिचे आयुष्य कर्जाच्या हप्त्यांआधी संपेल, अशी भीती त्याच्या मनात होती. मी त्याला तेव्हा अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे शोधताना मी ज्या विषयात शिरलो, तो म्हणजे ‘टॅबलेस’ सेल. गेल्या काही वर्षांत बॅटरीच्या जगात जे बदल झाले, त्यांतला हा मला सर्वांत बोधप्रद वाटतो. कारण त्यात नवे रसायन नाही की नवा धातू नाही. विजेने कोणत्या दिशेने चालायचे, एवढेच त्यात बदलले आहे.

खोपोलीचा धडा

उत्तराची सुरुवात मात्र आमच्याच परिसरात, १९१५ साली झाली आहे. त्या वर्षी खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर उंचीवरून नळांतून खाली आणायचे, त्यावर वीज निर्माण करायची आणि ती सुमारे सत्तर किलोमीटर दूर मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना होती. पाणी खाली आणणे अवघड होतेच. पण वीज मुंबईपर्यंत नेताना वाटेतच तिची उष्णता होऊन जाऊ नये, हीही तितकीच मोठी अडचण होती.

तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते. ही उष्णता दोन गोष्टींवर ठरते. एक, तारेचा रोध. म्हणजे ती विजेला किती अडवते. दुसरी, विद्युतप्रवाह, पण हा नुसता नव्हे, तर त्याचा वर्ग. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, दसपट केला तर शंभरपट. खोपोलीच्या अभियंत्यांनी या वर्गाचाच फायदा घेतला. त्यांनी विजेचा दाब सुमारे एक लाख व्होल्टपर्यंत चढवला. दाब दसपट केला, की तेवढीच शक्ती एक दशांश प्रवाहात पोहोचते आणि तारेतली उष्णता शंभराव्या भागावर येते.

माझ्या शेजाऱ्याच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर याच वर्गात आहे. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरांचा. माणसे धरून सतराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. चाकांचे घर्षण, वाऱ्याचा विरोध आणि यंत्रातली घट मिळवली तर साडेचार युनिट धरू. ही ऊर्जा पाव तासात खर्च होते, म्हणजे बॅटरी सुमारे अठरा किलोवॉटने काम करते. पन्नास युनिटांची बॅटरी दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर अर्ध्या तासात न्यायची, तर मात्र सत्तर किलोवॉट लागतात. म्हणजे प्रवाह जवळजवळ चौपट, आणि उष्णता चौदा-पंधरा पट. घाटातले श्रम आपल्याला डोळ्यांनी दिसतात, चार्जिंगचे दिसत नाहीत. बॅटरीला मात्र ते दुसरेच जड जातात.

आता उरलेले अर्धे उत्तर. सेलच्या आत ही उष्णता होते कुठे, आणि खोपोलीची युक्ती तिथे का चालत नाही? कारण लिथियम-आयन सेलचा दाब त्याच्या रसायनाने ठरतो. तो साडेतीन-पावणेचार व्होल्टच्या आसपास असतो आणि अभियंत्याला हवा म्हणून वाढवता येत नाही. अनेक सेल माळेत जोडून गाडीचा एकूण दाब चारशे किंवा आठशे व्होल्ट करता येतो, आणि त्याने गाडीतल्या जाड तारांमधली घट कमी होते. पण प्रत्येक सेलच्या वाट्याला येणारी शक्ती तीच राहते, म्हणून त्याच्या आतला प्रवाहही तोच राहतो. सेलच्या आत प्रवाह कमी करण्याचा मार्ग बंद. मग उरतो फक्त रोध.

गुंडाळीच्या आत

दंडगोल सेल म्हणजे सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी असते. एक तांब्याचा वर्ख, दोन्ही बाजूंनी ग्रॅफाइटचा लेप दिलेला. हा ऋण पट्टा. दुसरा ॲल्युमिनियमचा वर्ख, त्यावर लिथियमयुक्त संयुगाचा लेप. हा धन पट्टा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये प्लास्टिकचे सच्छिद्र पडदे. हे सगळे एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळायचे आणि धातूच्या डब्यात घालायचे. तांब्याचा वर्ख सुमारे दहा मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरात असे शंभर वर्ख मावतील. लेपही पातळच ठेवावे लागतात, कारण लिथियमचे आयन द्रवातून हळू सरकतात. लेप जाड केला तर ते आतपर्यंत वेळेत पोहोचत नाहीत. लेप पातळ म्हणून पट्टा लांब, आणि पट्टा लांब म्हणून गुंडाळी.

ही लांबी काढणे सोपे आहे. चारही थर मिळून जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर. एकवीस मिलिमीटर व्यासाच्या आणि सत्तर मिलिमीटर उंचीच्या, म्हणजे २१७० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेलच्या गोल छेदाचे क्षेत्रफळ या जाडीने भागले, की पट्टा सुमारे ८० सेंटिमीटर निघतो. शेहेचाळीस मिलिमीटर व्यासाच्या आणि ऐंशी मिलिमीटर उंचीच्या ४६८० सेलमध्ये तोच पट्टा जवळजवळ चार मीटर भरतो.

आता प्रश्न असा, की या लांबच लांब वर्खावर जागोजागी निर्माण होणारी वीज बाहेर कशी काढायची? जुन्या पद्धतीत वर्खावर एका ठिकाणी लेप न देता जागा कोरी ठेवतात आणि तिथे धातूची एक अरुंद पट्टी जोडतात. तिला टॅब म्हणतात. धन पट्ट्याची टॅब झाकणाला, ऋण पट्ट्याची डब्याच्या तळाला. बस्स. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला निघालेल्या इलेक्ट्रॉनला टॅब गाठायची तर पूर्ण पट्टाभर, गुंडाळीचे सगळे फेरे फिरत, चालत जावे लागते.

कर्जत स्टेशनच्या फलाटाची कल्पना करा. बारा डब्यांची लोकल आली आहे आणि बाहेर पडायला फलाटाच्या एका टोकाला एकच जिना आहे. जिन्याजवळच्या डब्यातला माणूस चार पावलांत सुटतो, शेवटच्या डब्यातला अडीचशे मीटर चालतो. आणि गर्दी सगळीकडे सारखी नसते. लांबच्या टोकाला तुरळक माणसे, प्रत्येक डब्यापाशी त्यांत भर, आणि जिन्याच्या तोंडाशी खांद्याला खांदा. टॅबच्या सेलमध्ये नेमके हेच होते. टॅबपासून दूर वर्खात प्रवाह थोडा, टॅबजवळ सगळा गोळा झालेला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून टॅबच्या आसपासचा भाग सर्वांत जास्त तापतो आणि साहजिकच लवकर थकतो.

पाचपट सेल, सव्वाशेपट ताप

आता आकडे घालून पाहू. सोपेपणासाठी फक्त तांब्याचा वर्ख घेतो आणि टॅब त्याच्या एका टोकाला आहे असे मानतो. लहान सेलमधला ८० सेंटिमीटरांचा वर्ख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २० मिलीओहम रोध दाखवतो. सगळी वीज पूर्ण अंतर चालत नाही, काही टॅबजवळच निर्माण होते. म्हणून उष्णतेच्या हिशेबात यातला एक तृतीयांशच धरायचा, म्हणजे ७ मिलीओहमपेक्षा थोडा कमी. हा सेल तासाभरात रिकामा करायचा तर प्रवाह सुमारे ५ अँपिअर. वर्खातली उष्णता येते ०.१७ वॉट. काळजीचे कारण नाही.

आता तीच रचना ४६८० मध्ये वापरू. वर्ख पाचपट लांब, म्हणून रोध पाचपट. १०० मिलीओहम, आणि हिशेबात धरायचा त्याचा एक तृतीयांश. सेल मोठा म्हणून तासाभरात रिकामा करताना प्रवाहही पाचपट, २५ अँपिअर. प्रवाहाच्या वर्गाचे पंचवीस आणि रोधाचे पाच, गुणाकार सव्वाशे. उष्णता जवळजवळ २१ वॉट. सेलचे घनफळ साडेपाच पट वाढले, उष्णता बाहेर टाकणारी बाजूची भिंत अडीच पट वाढली, आणि वर्खातली उष्णता सव्वाशे पट. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासचा हा सेल एवढ्या उष्णतेने थंड न करता ठेवला तर दर मिनिटाला तीन-साडेतीन अंशांनी तापत जाईल.

खरे तर तो तितका वेळ चालणारच नाही. पट्ट्याच्या दूरच्या टोकापासून टॅबपर्यंत येईतो एकट्या तांब्यात सव्वा व्होल्ट गळून जाईल, आणि पावणेचार व्होल्टच्या सेलला ही गळती परवडणारी नाही. प्रत्यक्षात दूरचा भाग जवळजवळ बसून राहील आणि टॅबजवळचा भाग त्याचाही भार वाहील. अर्थात कारखानदार हात बांधून बसले नव्हते. टॅब टोकाऐवजी पट्ट्याच्या मध्यावर लावली तर प्रत्येक बाजूला अंतर निम्मे आणि प्रवाहही निम्मा होतो, आणि उष्णता एक चतुर्थांशावर येते. दोन-तीन टॅब लावल्या तर आणखी कमी. पण प्रत्येक टॅब म्हणजे गुंडाळीत एक उंचवटा, एक वेगळी जोडणी आणि लेपातली एक कोरी जागा. म्हणून गाड्यांसाठी मोठा दंडगोल सेल बराच काळ मागे पडला आणि हजारो लहान सेल जोडण्याची पद्धत रुळली.

आडवी वाट

२०२० च्या सप्टेंबरमध्ये टेस्लाने ४६८० सेल जाहीर केला, तेव्हा त्यातला मुख्य बदल सांगायला एक वाक्य पुरे होते: टॅब काढून टाकली. हे नाव थोडे फसवे आहे. टॅब गेलेली नसते. वर्खाची सबंध कडाच टॅब झालेली असते.

पट्ट्याला लांबी असते तशी रुंदीही असते, आणि रुंदी म्हणजे सेलची उंची, सुमारे सात सेंटिमीटर. तांब्याच्या वर्खाची खालची कडा चार मीटरभर कोरी ठेवायची आणि ॲल्युमिनियमची वरची. दोन्ही पट्टे गुंडाळताना थोडे वर-खाली सरकवायचे, म्हणजे गुंडाळीच्या खालच्या टोकाला फक्त तांबे डोकावते आणि वरच्या टोकाला फक्त ॲल्युमिनियम. मग ही सबंध कडा गोल चकतीला जोडायची. आता इलेक्ट्रॉनला गुंडाळीचे फेरे फिरावे लागत नाहीत. तो जिथे असेल तिथून सरळ आडवा कडेकडे जातो. फलाटाच्या उपमेत सांगायचे तर जिना काढून टाकला आणि प्रत्येक डब्याच्या दारासमोर फलाटाची भिंतच उघडली.

यातला फायदा दोनदा मोजावा लागतो. वाट चार मीटरांऐवजी सात सेंटिमीटर झाली, म्हणजे सत्तावन्न पटींनी आखूड. शिवाय वाटेची रुंदी सात सेंटिमीटरांऐवजी चार मीटर झाली, म्हणजे सत्तावन्न पटींनी प्रशस्त. रोध दोन्हींमुळे घटतो. सत्तावन्न गुणिले सत्तावन्न, म्हणजे सव्वातीन हजारांपेक्षा थोडे अधिक. मघाचे २१ वॉट ०.००६ वॉटवर येतात. तोच तांब्याचा वर्ख आणि तोच लेप ठेवूनही वर्खातली उष्णता हिशेबातून जवळजवळ नाहीशी होते. एवढेच नव्हे, पट्टा जितका लांब तितकी कडाही लांब, म्हणून सेल जाडजूड करण्याची शिक्षा आता भोगावी लागत नाही.

कल्पना तशी अगदी नवीन नव्हती. जास्त प्रवाह देणाऱ्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये गुंडाळीच्या कडा चकतीला जोडण्याची पद्धत आधीपासून होती, आणि मोठ्या धारित्रांमध्येही ती वापरली जात असे. मग लिथियम सेलला इतका उशीर का लागला? कारण ही जोडणी करणेच अवघड आहे.

सहा किंवा दहा मायक्रॉनच्या वर्खाची मोकळी कडा सरळ उभी राहत नाही. म्हणून कडेला ठरावीक अंतरावर छेद देऊन तिच्या लहान लहान पाकळ्या करतात आणि गुंडाळीनंतर त्या मध्याकडे दुमडून एकमेकींवर बसवतात. वरून पाहिले तर कांद्याचा आडवा काप दिसावा तशी ती चकती दिसते. तिच्यावर धातूची दुसरी चकती ठेवून लेसरने वितळजोड देतात. तांबे लेसरचा बराच प्रकाश परत फेकते. म्हणून शक्ती कमी पडली तर जोड वरवर धरल्यासारखा दिसतो, पण आत पाकळ्या सुट्या राहतात. शक्ती जास्त झाली तर पातळ वर्ख भोसकला जातो आणि वितळलेल्या तांब्याचे सूक्ष्म थेंब गुंडाळीत उडतात. असा एखादा कण पडद्यातून पलीकडे टोचला, तर सेलमध्ये आतल्या आत वीज झिरपू लागते.

पहिला दोष रोध मोजून सापडतो. सेलमधून ठरावीक प्रवाह पाठवायचा आणि वेगळ्या तारांनी दाबातला फरक मोजायचा. शेजारच्या सेलपेक्षा अर्धा-एक मिलीओहम जास्त दिसला, तरी जोड संशयास्पद. दुसरा दोष रोधात दिसतच नाही. त्यासाठी भरलेले सेल काही दिवस नुसते ठेवून देतात आणि कोणाचा दाब इतरांपेक्षा लवकर उतरतो ते पाहतात. दुमडलेल्या पाकळ्यांनी गुंडाळीची दोन्ही तोंडे झाकली जातात, ही आणखी एक अडचण. त्यामुळे आतला द्रव थरांत मुरायला जास्त वेळ लागतो, आणि कुठे कोरडा ठिपका राहिला तर तो भाग कायमचा निकामी होतो.

जे उरते ते

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. वर्खातला रोध हजारोंच्या पटीत घटला, म्हणून सेलचा रोध तितका घटत नाही. द्रवातून सरकणारे आयन, लेपाच्या पृष्ठभागावरची रासायनिक क्रिया आणि जोडण्या या सगळ्यांचा रोध तसाच राहतो. ४६८० च्या आकाराच्या सेलसाठी हा उरलेला रोध चार मिलीओहम धरू. घाट चढताना अशा सेलमधून १० अँपिअर जातात, तेव्हा उष्णता होते ०.४ वॉट. वेगवान चार्जिंगला ३५ अँपिअर जातात, तेव्हा होते जवळजवळ ५ वॉट. ही उष्णता थंड करण्याजोगी आहे, पण थंड करावीच लागते. नाही केली तर अर्ध्या तासात सेल पंचवीस अंशांनी तापेल, आणि खालापूरच्या मे महिन्यात सुरुवातच चाळिसाच्या आसपास असते.

ती बाहेर काढण्यातही जुनीच अडचण आहे. गुंडाळीत उष्णता वर्खाच्या दिशेने, म्हणजे वर-खाली, सहज वाहते. पण मध्यापासून भिंतीकडे जाताना तिला शेकडो थर आणि प्लास्टिकचे पडदे ओलांडावे लागतात. शेहेचाळीस मिलिमीटरांच्या सेलमध्ये मध्यबिंदू भिंतीपासून तेवीस मिलिमीटर आत असतो. टॅबलेस रचनेत तांब्याची सबंध कडा तळाशी जोडलेली असल्याने उष्णतेलाही तीच आडवी वाट खुली होते. तळ थंड ठेवला तर गाभाही थंड राहू शकतो. टॅबच्या सेलमध्ये एका अरुंद पट्टीतून हे शक्य नव्हते. आणि रोध कमी झाला म्हणून चार्जिंग हवे तितके वेगवान करता येते, असेही नाही. ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरण्याचा वेग ठरलेला असतो. त्यापेक्षा घाई केली तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावर धातू म्हणून साचते. ती मर्यादा रसायनाची आहे, आणि वर्खाची दिशा बदलून ती हटत नाही.

भारतात ओला इलेक्ट्रिकने ४६८० आकाराचे सेल तमिळनाडूतल्या कृष्णगिरीच्या कारखान्यात बनवून आपल्या दुचाकींत वापरायला सुरुवात केली आहे. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीतले सेल मात्र दंडगोल नाहीत. चपट्या पेटीसारखे आहेत. तरीही दिवाळीच्या आधी मी त्याला बोलावले आणि वहीचा एक कागद लांब फाडून, गुंडाळून दाखवला. आधी त्याच्या एका टोकाला बोट ठेवले, मग सबंध कडेवर तळहात टेकवला. तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे काका, घाटातनं वळणं घेत जाण्यापेक्षा बोगदा पाडला.’’

मी म्हटले, तसेच. फक्त पंखा घोंघावला तर घाबरू नकोस. तो त्याचे काम करतो आहे. आणि उन्हाळ्यात दुपारी घाट उतरून आलास, की लगेच वेगवान चार्जरला लावू नकोस. आधी चहा घे. तेवढ्या वेळात आतली उष्णता भिंतीपर्यंत पोहोचते.